अँजिओग्रामच्या फोटोतले ६० टक्के आले कुठून?

गेल्या महिन्यात काटोलचे एक संत्रा बागायतदार मुलाला घेऊन धंतोलीत मला दाखवायला आले. मुलाच्या मोबाइलमध्ये वडिलांच्या अँजिओग्राफीचे दोन फोटो होते. "सर, एका डॉक्टरांनी एलएडीत ६० टक्के ब्लॉकेज सांगितलं, दुसऱ्यांनी ७५. आम्ही काय समजायचं?" हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या नळ्या म्हणजे कोरोनरी, आणि त्यातली हृदयाच्या पुढच्या भागाला जाणारी ती एलएडी. नागपुरात आजूबाजूच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या घरांत हा प्रश्न मी फार वेळा ऐकतो. लोक आकड्याला घाबरतात, आणि तो आकडा कशाचा हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँड इथे डॉ. मेसन सोन्स एका २६ वर्षांच्या रुग्णाच्या महाधमनीत कॅथेटर या बारीक पोकळ नळीतून, एक्स-रेत दिसणारा डाय सोडणार होते. कॅथेटरचं टोक उजव्या कोरोनरीत सरकलं आणि डाय थेट तिच्यात गेला. हृदय थांबलं. सोन्सनी रुग्णाला खोकायला लावलं आणि ठोके परत सुरू झाले. या अपघातातून निवडक कोरोनरी अँजिओग्राफी जन्माला आली. पुढे हे चित्रण ३५ मिलिमीटरच्या सिने फिल्मवर होई आणि डॉक्टर ती फिल्म पुढे-मागे फिरवत बघत. म्हणजे हा मुळात चलचित्राचा तपास. स्थिर फोटो हा त्यातला एक क्षण.

१९६७ मध्ये त्याच क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी पायातल्या शिरेचा वापर करून बायपास सुरू केला, आणि अरुंद जागा नेमकी कुठे आहे हे सर्जनला शब्दांत सांगणं भाग पडलं. १९७५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने कोरोनरींचे १५ भाग ठरवून दिले. एलएडीचा सुरुवातीचा, म्हणजे प्रॉक्सिमल भाग हृदयाच्या मधल्या पडद्याला जाणाऱ्या पहिल्या मोठ्या सेप्टल फांदीपर्यंत आणि तिथून पुढे मिड. म्हणून फोटोत आधी फांद्या ओळखायच्या. फांदी ओळखल्याशिवाय 'मधोमध' म्हणण्याला अर्थ नाही.

त्याच अहवालात अरुंदपणाच्या पायऱ्या होत्या: २५, ५०, ७५, ९०, ९९, १००. ५१ ते ७५ मधलं सगळं '७५' या एकाच पायरीत जाई. ६० टक्क्यांचा रुग्णही कागदावर ७५ चाच. अशी ही आकड्यांची सवय पहिल्यापासून ढोबळ आहे. १९७६ मध्ये चार तज्ज्ञांना तेच २० अँजिओग्राम वाचायला दिले, तर कुठली जागा महत्त्वाची यावर त्यांच्यातच अनेकदा मतभेद निघाले.

आता काटोलच्या बाबूजींचा फोटो घेऊ. त्यात सहा फ्रेंच मापाचं कॅथेटर दिसतं. त्याची बाहेरची जाडी २ मिलिमीटर, त्यामुळे ते पट्टीसारखं वापरता येतं. कॅथेटर पडद्यावर ८ मिलिमीटर भरलं. शेजारची निरोगी एलएडी १२ भरली, म्हणजे खरी ३ मिलिमीटर. सर्वांत अरुंद जागा ४.८, म्हणजे खरी १.२. तीनपैकी १.८ गेले: ६० टक्के. दुसऱ्या फोटोत, जवळपास काटकोनातून, तीच जागा १.८ मिलिमीटर दिसते, म्हणजे फक्त ४० टक्के. नळीचं भोक गोल नसून चपटं आहे. रिवाज असा की सर्वांत वाईट दिसणारा कोन धरायचा, म्हणून ६०. पण तेच क्षेत्रफळात मोजलं तर उरतं ०.४ गुणिले ०.६, म्हणजे २४ टक्के, गेलेलं ७६. दुसऱ्या डॉक्टरांचे ७५ त्या जुन्या पायरीतून आले की क्षेत्रफळातून, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मला राग याचाच येतो. व्यासाचा आकडा असेल तर 'व्यास' हा एक शब्द लिहायला किती वेळ लागतो?

यात सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे शेजारची 'निरोगी' नळी. ती स्वतःच चरबीने बारीक होऊन २.४ मिलिमीटरची झाली असेल, तर तेच १.२ मिलिमीटर ५० टक्केच भरतं. नळी सगळीकडून सारखी बारीक झालेल्या मधुमेही रुग्णांत मला हे वरचेवर दिसतं. शिवाय नळी कॅमेऱ्याच्या दिशेने वळलेली असेल तर ती आखूड दिसते, दुसरी फांदी वरून गेली तर अरुंद जागा झाकली जाते, आणि डाय नीट भरला नसेल तर नसलेला ब्लॉकही दिसतो. एका फोटोत यातलं काहीच उलगडत नाही.

हा अरुंदपणा रक्त अडवतो का, हा प्रश्न तर वेगळाच. नळीत घातलेल्या प्रेशर वायरने ब्लॉकच्या पलीकडचा रक्ताचा दाब मोजणाऱ्या फेम नावाच्या अभ्यासात ५० ते ७० टक्के वाटणाऱ्या जागांपैकी सुमारे ३५ टक्केच खरोखर प्रवाह अडवणाऱ्या निघाल्या. बाबूजींचा ब्लॉक नेमका याच पट्ट्यात बसतो.

म्हणून मी मुलाच्या हातात हे लिहून दिलं: मिड एलएडी, पहिल्या सेप्टलच्या लगेच पुढे, एका बाजूला सरकलेला, वाईट कोनात व्यासाने ६० टक्के, दुसऱ्या कोनात ४०, शेजारची नळी ३ मिलिमीटर; पूर्ण चित्रणाची सीडी आणावी, प्रेशर वायरचा विचार व्हावा.