निविदेच्या ईमेलमधील एक वाक्य आणि पात्रतेचा पुरावा

“ईमेलमध्ये ‘आम्ही सर्व पात्रता अटी पूर्ण करतो’ असे लिहिले की झाले, एखादा कागद राहिला तर नंतर देता येतो.”

हा समज पसरण्याचे कारण समजण्यासारखे आहे, कारण निविदा तपासणारे कार्यालय कधीकधी खुलासा मागवते. परंतु खुलासा साधारणतः जोडलेल्या कागदातील अस्पष्टतेबद्दल असतो. मुळात न जोडलेला कागद स्वीकारायचा की नाही, हे निविदेच्या अटींवर ठरते आणि तो निविदाधारकाचा हक्क नसतो. ईमेलमधील वाक्य हे केवळ विधान आहे, पुरावा सहपत्रांतच असावा लागतो.

शिरोलीतील एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. अट अशी आहे की मागील 3 आर्थिक वर्षांची सरासरी उलाढाल किमान 40 लाख रुपये असावी. उलाढाल 38, 41 आणि 44 लाख, म्हणजे सरासरी 41 लाख. कारखाना पात्र आहे. मात्र सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रात शेवटची दोनच वर्षे असतील, तर पात्रता खरी असूनही सिद्ध होत नाही, आणि ही चूक सर्वांत जास्त हळहळ लावणारी असते.

म्हणून ईमेलमध्ये असे लिहावे: “अट क्र. 4: सरासरी उलाढाल 41 लाख रुपये, सहपत्र 3, पृष्ठ 2.” पाठवण्यापूर्वी प्रत्येक अटीसमोरचे पृष्ठ दुसऱ्या व्यक्तीने उघडून पाहावे. निविदा दोन लिफाफा पद्धतीची, म्हणजे पात्रतेचे कागद आणि दर वेगवेगळे मागवणारी असल्यास या ईमेलमध्ये दराचा उल्लेख मुळीच करू नये.