डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, पण कितव्या दिवशी?

"डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आलीये, म्हणजे डेंग्यू नाहीच ना?"

असं नसतं हो, आधी रिपोर्टवर बघा टेस्ट कुठली केलीये आणि ताप येऊन किती दिवस झालेत. एनएस वन हे व्हायरसचंच प्रोटीन, ते ताप चढला त्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत रक्तात चांगलं सापडतं, मग कमी होत जातं. आयजीएम ही अँटीबॉडी मात्र आपलं शरीर व्हायरसशी लढायला बनवतं, त्याला वेळ लागतो, म्हणून ती टेस्ट पाचव्या दिवसानंतरच कामाची.

समजा रविवारी ताप आला, तो पहिला दिवस. मंगळवारी नुसती आयजीएम केली तर डेंग्यू असूनही निगेटिव्ह येऊ शकते, त्या दिवशी एनएस वन करायला हवी होती. आणि पुढच्या सोमवारी, म्हणजे नवव्या दिवशी, नुसती एनएस वन केली तर तीही निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा आयजीएम बघायची. लॅबवाला दिवस विचारतोच असं नाही, आपणच सांगायचा, आणि मोजायचा तापापासून, दवाखान्यात गेलो तेव्हापासून नाही.

अजून एक गोची म्हणजे डेंग्यू आधी होऊन गेला असेल तर एनएस वन लवकर गायब होतं आणि आयजीएमही कमीच बनू शकतं. उलट आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहतं, त्यामुळे पॉझिटिव्ह आली तरी ती गेल्या महिन्यातल्या तापाची असू शकते. झटपट किटपेक्षा लॅबमध्ये होणारी एलायझा टेस्ट जास्त भरवशाची, पण रिपोर्ट काहीही येवो, ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर थेट हॉस्पिटल गाठा.