कासवाच्या पिल्लाला समुद्र कसा सापडतो?

कोकणातल्या वेळास, आंजर्ले, गावखडी किंवा वायंगणीच्या पुळणीवर नोव्हेंबर ते मार्च या काळात पहाटे गस्त घालणारे कासवमित्र आधी वाळूवरचा माग शोधतात. भरतीच्या रेषेपासून वर चढलेला आणि पुन्हा पाण्याकडे वळलेला, सुमारे पाऊण मीटर रुंदीचा हा माग ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या मादीचा असतो. ती चालताना वल्ह्यांसारखे पाय, म्हणजे उजवे आणि डावे वल्हे, आळीपाळीने टाकते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खुणा समोरासमोर न येता एकाआड एक उमटतात. हिरव्या कासवाची मादी दोन्ही वल्ही एकदम ओढते, त्यामुळे तिचा माग वेगळा ओळखू येतो.

मादी भरतीचे पाणी पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर येते, पुढच्या वल्ह्यांनी वरची कोरडी वाळू बाजूला सारते आणि मग मागच्या वल्ह्यांनी, एकदाही मागे वळून न पाहता, सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते. तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा त्याचा आकार एखाद्या सुरईसारखा असतो. त्यात ती साधारण शंभर ते सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि शरीर डावी-उजवीकडे आपटून ती वाळू चोपून घट्ट करते. या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते. लोक त्याला प्रसूतीच्या वेदनांचे अश्रू समजतात. प्रत्यक्षात शरीरातले जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचा तो स्राव असतो आणि समुद्रात असतानाही तो चालूच असतो.

पुढचे काम वाळूच्या उबेचे. साधारण 45 ते 60 दिवसांत पिल्ले तयार होतात. थंडीत हा काळ लांबतो, मार्चच्या उन्हात आखडतो. घरट्याचे तापमान जास्त राहिले तर बहुतेक पिल्ले माद्या होतात, कमी राहिले तर नर. कवच फोडल्यावर पिल्ले लगेच बाहेर येत नाहीत. खालची पिल्ले हालचाल करतात, वरची वाळू झडून खाली पडते आणि सगळी मिळून हळूहळू वर सरकतात. पृष्ठभागाजवळची वाळू तापलेली असेल तर ती तिथेच निपचित थांबतात आणि वाळू निवू लागली की पुन्हा हलतात. म्हणूनच नैसर्गिक घरट्यातली पिल्ले बहुधा रात्री बाहेर पडतात, आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांचा उजेड त्यांना चकवतो हा प्रश्न नेमका इथून सुरू होतो.

जेमतेम 4 सेंटीमीटर लांबीच्या या जिवाला वाळूवरून पाणी दिसत नाही. चढ-उतार, माणसांच्या पावलांचे खड्डे आणि ओंडके यांच्या आड समुद्र लपलेला असतो. पिल्लू त्याऐवजी उजेड पाहते. त्याची नजर आडवी खूप रुंद पसरलेली असते, पण उभी अतिशय अरुंद. क्षितिजालगतच्या पट्ट्यातला उजेड तेवढा ते हिशेबात घेते. या पट्ट्यात ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूला वळायचे आणि ज्या बाजूला उंच, काळी आकृती दिसेल तिच्याकडे पाठ फिरवायची, एवढेच त्याचे नियम. तारे आणि चंद्र यांचा प्रकाश परावर्तित करणारा समुद्र मोकळा आणि उजळ असतो, तर मागची झाडी आणि वाळूचे उंचवटे काळे. लाखो वर्षे हे नियम चुकले नाहीत.

मग चंद्र त्यांना का फसवत नाही? चंद्र बराचसा वेळ त्या अरुंद पट्ट्याच्या वर असतो, आणि त्याचा प्रकाश सगळ्या किनाऱ्यावर सारखा पसरतो. किनाऱ्यावरच्या दिव्याचे तसे नसते. तो जवळ असतो, त्यामुळे त्याची एक दिशा डोळे दिपवण्याइतकी प्रखर होते आणि बाकी सगळे अंधारात बुडते. पौर्णिमेच्या आसपास पिल्ले कमी भरकटतात, कारण चांदण्यात दिव्याचा तो वरचष्मा राहत नाही. सर्वांत धोक्याच्या रात्री अमावास्येच्या. त्यातही पिल्लांचा डोळा निळ्या, हिरव्या आणि जांभळ्या प्रकाशाला विशेष संवेदनशील असतो. हल्ली सर्वत्र लागलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळा भाग भरपूर असतो.

एक उदाहरण पाहू. घरटे पाण्यापासून 40 मीटरवर आहे आणि त्याच्या मागे 100 मीटरवर एका निवासाच्या ओट्यावर पांढरा दिवा जळतो आहे. पिल्लू समुद्राकडे निघाले असते तर स्वतःच्या लांबीच्या हजारपट अंतर चालून पाण्यात शिरले असते. दिव्याकडे वळल्यावर ते झाडोऱ्यात अडकते किंवा रस्त्यावर येते. कुत्रे, कोल्हे आणि खेकडे यांच्या तावडीतून सुटले, तरी सकाळच्या उन्हात ते सुकते. पोटात उरलेला बलक ही त्याची एकमेव शिदोरी. पहिला दिवसभर न थांबता पोहून खोल समुद्र गाठण्यासाठी ती असते, आणि तीच अशा भटकंतीत संपते. उशिरा पाण्यात पोहोचलेले पिल्लूही म्हणूनच वाचले असे म्हणता येत नाही.

हे घडले की नाही, ते दुसऱ्या दिवशी उजाडताच कळते. घरट्यापासून निघालेले बारीक माग समुद्राकडे अरुंद पंख्यासारखे गेले असतील तर रात्र ठीक गेली. सगळे एकाच भलत्या दिशेला गेले असतील तर पिल्लांनी दिव्यालाच समुद्र मानले. वर्तुळे आणि उलटसुलट फिरलेल्या रेघा दिसल्या तर त्यांना दिशाच ठरवता आलेली नाही. माग मोडण्यापूर्वी त्यांचा फोटो आणि दिशा टिपून ठेवली, तर नेमका कोणता दिवा दोषी आहे ते शोधता येते.

प्रौढ मादीही उजेड टाळते. अमेरिकेतील फ्लोरिडा आणि कोस्टा रिका येथील प्रयोगांचे 1992 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की पांढऱ्या पारा-दिव्यांनी उजळलेल्या पट्ट्यात अंडी घालणे एकदम घटले, तर पिवळ्या सोडियम दिव्यांचा तेवढा परिणाम झाला नाही.

उपाय शोधताना आधी चाचणी करावी. अमावास्येच्या रात्री पुळणीवर पालथे पडून, डोळे पिल्लाच्या उंचीवर आणून समुद्राच्या उलट बाजूला, वस्तीकडे पाहावे. एखाद्या दिव्याचा बल्ब थेट दिसला, किंवा उभे राहिल्यावर वाळूवर आपली सावली पडली, तर तो दिवा त्रासदायक आहे. पहिला इलाज तो बंद करण्याचा. ते शक्य नसेल तर दिवा खाली आणावा, उजेड फक्त पायवाटेवर पडेल असे झाकण लावावे आणि पांढऱ्याऐवजी गडद पिवळसर किंवा लाल रंगाचा दिवा वापरावा. समुद्राकडच्या खिडक्यांना रात्री पडदे लावावेत. शेकोटी आणि कॅमेऱ्याचा फ्लॅशही याच हिशेबात येतात. अंडी घातल्याची तारीख नोंदलेली असेल तर काळजीचे दिवस आधीच ओळखता येतात: 1 जानेवारीचे घरटे साधारण 20 फेब्रुवारीच्या सुमारास फुटू लागेल.

मागची काळी रेघ राखणेही तितकेच गरजेचे. मर्यादवेल आणि किनाऱ्यावरची झुडपे तोडली की दिवे मोकळे दिसू लागतात. सुरूची बने दिवे झाकतात खरी, पण पार भरतीरेषेपर्यंत लावली तर मादीला खणायला मुळांविना वाळू उरत नाही, म्हणून त्यांची जागा मागेच असावी. दूरच्या शहराच्या उजेडाने उजळलेल्या आकाशाला मात्र एका घराचा दिवा विझवून फरक पडत नाही.

संरक्षित कुंपणात अंडी हलवणाऱ्या गावांतही ही खबरदारी लागते. तिथे पिल्ले बाहेर आल्यावर टबात तासन् तास ठेवली तर त्यांची शिदोरी तळाशीच वळवळत संपते. पाहुण्यांसाठी दिवा लावून सोडली तर ती त्या दिव्याकडेच फिरतात. ती लवकर, अंधुक उजेडात, पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवावीत, पाहणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना मागे उभे राहावे आणि समुद्राच्या बाजूला कोणीही टॉर्च घेऊन असू नये.