दिवाळीत साखर स्वस्त का होते?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरी किराण्याची यादी निघते. पहिली ओळ साखरेची. त्याच सुमारास मोठ्या दुकानाबाहेर फलक झळकतो: साखर ३८ रुपये किलो. रविवार कारंजावर घाऊकमध्येच साखर ४३ रुपयांना पडत असेल, तर हा ३८ ला देतो कसा? (आकडे हिशेबापुरते धरलेत.)

त्याहून मोठं कोडं पुढे आहे. मागणी वाढली की भाव चढतो, हे आपल्याला ठाऊक असतं. दसऱ्याला झेंडू अगदी तसाच वागतो. मग सगळ्यांना साखर हवी असते, नेमकी तेव्हाच ती स्वस्त का व्हावी?

हाच प्रकार शिकागोत दिसला होता. तिथल्या डॉमिनिक्स या दुकानसाखळीच्या विक्रीच्या नोंदी शेव्हालिए, कश्यप आणि रॉसी या अर्थतज्ज्ञांनी तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात अनेक ख्रिश्चन मांस टाळतात, त्यामुळे डबाबंद ट्यूना मासा जास्त खपतो. आणि त्याच दिवसांत त्याचा भाव उतरलेला होता.

कारण जाहिरातीत आहे. दुकानात हजारो वस्तू असतात, फलकावर मात्र चार-पाचच मावतात. बाकीच्यांचे भाव गिऱ्हाईकाला घरबसल्या कळत नाहीत. त्यामुळे फलकावर अशी वस्तू हवी, जी बहुतेकांच्या यादीत आहे आणि जिचा भाव तोंडपाठ आहे. जिऱ्याचा भाव किती जणांना सांगता येईल? साखरेचा बहुतेकांना येतो. आषाढात साखर पाच रुपयांनी उतरवली तर थोडेच लोक वाट वाकडी करतील. दिवाळीत तेवढ्याच सवलतीवर कितीतरी जास्त घरं दुकानात येतात. अशा मुद्दाम तोट्यात विकलेल्या वस्तूला व्यापारात लॉस लीडर म्हणतात. झेंडूवाल्याची गोष्ट निराळी: माल मर्यादित, आणि त्याच्याकडे झेंडूखेरीज विकायला फारसं काही नसतं.

आता दुकानदाराच्या वहीत डोकावू. माणशी दोनच किलो साखर, असा नियम आहे. हजार जणांनी ती नेली. त्यातले ७०० नेहमीचेच, ते एरवीही आले असते आणि ४४ रुपयांनी साखर घेतली असती. त्यांना सहा रुपये कमी लावले, म्हणजे माणशी १२ आणि एकूण ८४०० रुपये हातचे गेले. नवीन ३०० पैकी १०० जण फक्त साखर उचलून चालते झाले. त्यांच्यावर माणशी १० प्रमाणे १००० रुपये तोटा. उरलेल्या २०० जणांनी मात्र डाळ, रवा, सुकामेवा, मसाले, उटणं असं १५०० रुपयांचं सामान घेतलं. त्यावर सरासरी १२ टक्के सुटले तर १८० रुपये, साखरेचे १० वजा जाता १७०. एकूण ३४,०००. सगळं फेडून २४,६०० रुपये हाती राहतात.

पण हा डाव फसतोही. सामान घेणारे नवे लोक ५६ पेक्षा कमी आले की वरचे ९४०० रुपये भरून निघत नाहीत. सगळ्यात जास्त पैसा खातात ते नेहमीचे लोक, फुकटे नव्हेत. हे पुष्कळ दुकानदारांच्या लक्षात येत नाही, कारण गल्ल्यावरची गर्दी पाहूनच ते खूश होतात. समोरच्या दुकानानेही ३८ चा फलक लावला तर नवं कोणी येतच नाही, दोघेही आपापल्या जुन्या गिऱ्हाइकांना सवलत वाटत बसतात. दोन किलोची अट का, तर साखर टिकते. अट नसेल तर गल्लीतला किराणावालाच पोतं भरून नेईल आणि ४४ ला विकेल.

तरीही फक्त साखर नेणारे उरतातच. त्यांच्यासाठी पुढची अट येते: १५०० रुपयांच्या खरेदीवरच साखर ३८ ला. म्हणजे साखर आता सुटी मिळत नाही, बाकीच्या सामानाला बांधलेली असते.

अशा मोळीचा दुसराही उपयोग आहे. समजा, एका घरी चकली आवडते: भाजणीला ते ९० रुपये देतील, अनारसे पिठाला ५०. शेजारी नेमकं उलट. दोन्ही पाकिटं ५० ला ठेवली तर चार खपतात, २०० रुपये मिळतात. ९० ला ठेवली तर दोनच खपतात, १८० मिळतात. दोन्हींचा एकच संच १४० ला ठेवला तर दोन्ही घरं घेतात आणि २८० येतात. आवडी उलटसुलट असल्या तरच ही जादू चालते. दोन्ही घरं चकलीवालीच असती, तर दोन भाजण्या ९० ला आणि दोन पिठं ५० ला सुटी विकूनही २८० च आले असते.

दोन किलोची अट आली तेव्हा आईने मला आणि बाबांना वेगवेगळ्या रांगांत उभं केलं होतं. १५०० ची अट आल्यावर तिने शेजारच्या काकूंना गाठलं. दोघींची यादी प्रत्येकी आठशेची. एकच बिल केलं, आणि घरी येऊन साखर वाटीने मोजून निम्मी निम्मी केली.