एमईटी मूल्यांवरून शेतमजुराचा दिवसभराचा ऊर्जाखर्च

व्यक्तीने चोवीस तासांत काय काय केले याची तासवारी नोंद ठेवायची, प्रत्येक कामाला त्याचे एमईटी मूल्य लावायचे आणि त्यावरून दिवसभरात खर्च झालेल्या ऊर्जेचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च म्हणजे १ एमईटी. तो शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी सुमारे १ किलोकॅलरी धरतात. त्यामुळे कामाचे मूल्य, त्याला लागलेले तास आणि वजन यांचा गुणाकार केला की त्या कामाचा खर्च मिळतो. कामांची मूल्ये बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि नंतर वेळोवेळी सुधारलेल्या सूचीतून घेतली जातात.

जुलै महिन्यात सोयाबीनच्या खुरपणीला जाणारी, पस्तीस वर्षांची व ४८ किलो वजनाची मजूर स्त्री उदाहरणादाखल घेऊ. तिची ७ तासांची झोप ०.९५ या मूल्याने ६.६५ एमईटी-तास होते. सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक, झाडलोट व भांडी यांचे ५ तास २.५ ने धरले तर १२.५, अर्धा तास पाणी भरणे ४.५ ने २.२५, आणि शेतावर जाण्यायेण्याचा एक तास ३.५ ने ३.५ होतो. आंघोळ, चहा व न्याहारीचा तास (२.०), दुपारच्या भाकरीचा तास (१.५) आणि रात्री जेवून बसण्याचा दीड तास (१.३) मिळून ५.४५ येतात. शेताबाहेरच्या १७ तासांची बेरीज अशी ३०.३५ एमईटी-तास होते. घरकामाचा वाटा इतका मोठा असल्यामुळे दैनंदिनी केवळ मजुरीच्या वेळेपुरती ठेवली, तर अंदाज तिथेच लंगडा पडतो.

खरी अडचण उरलेल्या ७ तासांची आहे. दैनंदिनीत नुसते ‘शेतकाम’ लिहिलेले असेल, तर गणना करणारा सूचीतील मध्यम श्रमाच्या शेतकामाचे ४.८ हे मूल्य उचलतो. तसे केल्यास शेताचे ३३.६ आणि दिवसाचे ६३.९५ एमईटी-तास, म्हणजे ४८ किलो वजनाला सुमारे ३,०७० किलोकॅलरी येतात. हा आकडा पडताळण्यासाठी त्याला मूलभूत चयापचयाने, म्हणजे पूर्ण विश्रांतीतही शरीर चालू ठेवायला लागणाऱ्या ऊर्जेने, भागावे; येणारा भागाकार म्हणजे श्रमस्तर. तीस ते साठ वर्षांच्या भारतीय स्त्रियांसाठी आयसीएमआरने वापरलेल्या सूत्राने (८.३ × वजन + ७८८) या स्त्रीचा मूलभूत चयापचय दिवसाला सुमारे १,१८६ किलोकॅलरी येतो आणि भागाकार २.५९ होतो. एफएओ, डब्ल्यूएचओ व यूएनयू यांच्या तज्ज्ञ अहवालानुसार २.४० च्या वरचा श्रमस्तर दीर्घकाळ टिकवणे कठीण असते. म्हणून रोजच्या मजुरीसाठी २.५९ आला, की नोंद पुन्हा तपासायला घ्यावी.

तपासल्यावर बहुधा दोन गोष्टी आढळतात. पहिली म्हणजे खुरपे हातात असलेला सगळा वेळ कामाचा नसतो. बायका पात धरतात, ती संपली की बांधावर टेकतात, पाणी पितात, मागे राहिलेलीची वाट पाहतात. तासातली १५ मिनिटे अशी गेली असे धरून ती १.५ ने मोजली, तर दिवसाचा अंदाज सुमारे २,७९० वर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे खुरपणी हे नेमके काम लिहिले असेल, तर हलक्या ते मध्यम श्रमाच्या निंदणीचे ३.५ हे मूल्य अधिक योग्य ठरते. मग शेताचे २१ एमईटी-तास, दिवसाचे ५१.३५, म्हणजे सुमारे २,४६५ किलोकॅलरी होतात आणि भागाकार २.०८ वर उतरतो. काम तेच, वजन तेच. तरी फक्त नोंद किती बारकाईने घेतली यावर अंदाजात सहाशे किलोकॅलरींचा फरक पडतो. म्हणूनच शेतातल्या वेळेची नोंद तासाऐवजी पंधरा मिनिटांच्या टप्प्याने घ्यावी, आणि ती रात्री आठवून सांगण्यापेक्षा निरीक्षकाने बांधावर उभे राहून लिहिलेली बरी.

काम रोजाने आहे की उक्ते, हेही लिहून ठेवावे लागते. उक्त्या कामात मजुरी उरकलेल्या क्षेत्रावर मिळत असल्याने विसावा कमी होतो, त्यामुळे रोजाच्या कामावरून काढलेले विश्रांतीचे प्रमाण तिथे लावता येत नाही.

सूचीतील मूल्ये बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील प्रौढांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत आणि किलोमागे १ किलोकॅलरी ही ठोकळ सरासरी आहे. शिवाय वरील दिवस खुरपणीचा आहे. काढणीत हाच हिशेब वर जातो आणि काम न मिळालेल्या दिवशी बराच खाली येतो. त्यामुळे वार्षिक गरज काढताना प्रत्येक हंगामाची वेगळी दैनंदिनी घेऊन त्या त्या कामाच्या दिवसांच्या प्रमाणात सरासरी काढतात.