खासगी आयटीआयत इलेक्ट्रिशियनला प्रवेश घेताय? पैसे भरण्याआधी हा ईमेल पाठवा

माझ्या भाच्याने दहावीनंतर तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेचं माहितीपत्रक आणलं. त्यावर ठळक अक्षरांत ‘शासनमान्य इलेक्ट्रिशियन कोर्स, कालावधी 1 वर्ष’ असं छापलेलं होतं. आठवड्यात पहिला हप्ता भरायचा होता. आम्ही पैसे थांबवून आधी एक ईमेल पाठवला. पुढे जे कळलं त्यावरून ही माहिती लिहीत आहे.

सगळा घोळ ‘शासनमान्य’ या शब्दात आहे. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकलचं शिक्षण देणाऱ्या खासगी संस्था तीन तऱ्हेच्या दिसतात. पहिल्या म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी (डीजीटी) संलग्न असलेल्या आयटीआय. तिथली अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी मिळतं. लोक यालाच ‘एनसीव्हीटीचं सर्टिफिकेट’ म्हणतात. दुसऱ्या संस्था राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे अभ्यासक्रम चालवतात. ते अभ्यासक्रम खरेच आहेत आणि मंडळही सरकारीच आहे, पण ते प्रमाणपत्र एनटीसी नव्हे. तिसऱ्या संस्था स्वतःच्याच लेटरहेडवर प्रमाणपत्र छापून देतात. पहिल्या दोन्हींना ‘शासनमान्य’ म्हणता येतं आणि तिसरीही तसं म्हणवून घेते. नोकरीच्या जाहिरातीत जेव्हा आयटीआय इलेक्ट्रिशियन आणि एनसीव्हीटीचं प्रमाणपत्र मागतात, तेव्हा मंडळाच्या एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर अर्ज टिकत नाही.

पहिली खूण कालावधीची आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन हा ट्रेड दोन वर्षांचा असतो आणि पात्रता विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण. एका वर्षात इलेक्ट्रिशियन करून देतो असं कुणी म्हणत असेल, तर तो एनटीसीचा ट्रेड नाही, एवढं तिथेच कळतं.

दुसरी गोष्ट बहुतेक पालकांना ठाऊक नसते. संलग्नता अख्ख्या संस्थेला सरसकट मिळत नाही, ती ट्रेडनुसार आणि युनिटनुसार मिळते. संस्थेकडे फिटरची मान्यता आहे म्हणून तिला इलेक्ट्रिशियन शिकवता येईल असं नाही. इलेक्ट्रिशियनचं एक युनिट 20 जणांचं असतं. एकाच युनिटची मान्यता असताना पहिल्या वर्षाला 40 मुलं बसवली असतील, तर त्यातल्या 20 जणांची नावं डीजीटीच्या पोर्टलवर चढणारच नाहीत. त्यांना परीक्षेचं हॉल तिकीट येत नाही आणि हे कळेपर्यंत वर्ष गेलेलं असतं. म्हणून ‘तुमची संस्था मान्यताप्राप्त आहे का?’ असा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं.

फोनवर मिळालेल्या उत्तराला पुढे काही पुरावा राहत नाही, म्हणून ईमेलच करावा. आम्ही पाठवला तो साधारण असा होता:

> विषय: इलेक्ट्रिशियन ट्रेडची संलग्नता व अभ्यासक्रम यांबाबत माहिती मिळणेबाबत
>
> मा. प्राचार्य,
> सप्रेम नमस्कार.
>
> माझा भाचा यंदा विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण झाला असून आपल्या संस्थेत इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घेऊ इच्छितो. शुल्क भरण्यापूर्वी खालील माहिती कृपया लेखी कळवावी.
>
> 1. संस्थेचा एमआयएस कोड आणि त्या कोडवर नोंदलेलं संस्थेचं नाव व पत्ता.
> 2. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या संलग्नता आदेशाची प्रत. त्यात मंजूर युनिट व शिफ्ट नमूद असावेत.
> 3. यंदा पहिल्या वर्षाच्या किती जागा मंजूर आहेत आणि त्यांपैकी किती भरल्या आहेत.
> 4. परीक्षा कोण घेतं आणि प्रमाणपत्रावर कोणत्या संस्थेचं नाव असतं. मागील वर्षीच्या एका प्रमाणपत्राचा नमुना, विद्यार्थ्याचं नाव झाकून, पाठवावा.
> 5. सध्या लागू असलेला अभ्यासक्रम आणि आठवड्याचं वेळापत्रक.
> 6. एकूण शुल्क, हप्ते आणि प्रवेश रद्द केल्यास परताव्याचा नियम.
>
> आपलं उत्तर आल्यावर आम्ही मूळ कागदपत्रांसह भेटीला येऊ.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, गाव, मोबाइल)

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं होतं. उत्तर हाती येईपर्यंत मूळ गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला संस्थेत जमा करू नये. अडकलेला दाखला सोडवून आणताना नाकीनऊ येतात आणि तोवर दुसरीकडचे प्रवेश संपलेले असतात.

चार दिवसांनी उत्तर आलं. सोबत तीन जोडपत्रं होती: न्यासाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, आयएसओ प्रमाणपत्र आणि उद्यम नोंदणी. कागद तिन्ही खरे होते, पण आमच्या कामाचा एकही नव्हता. न्यासाची नोंदणी म्हणजे संस्था कायद्याने अस्तित्वात आहे. उद्यम म्हणजे तिने व्यवसाय म्हणून नोंद केली आहे. आयएसओचा संबंध कामाच्या पद्धतीशी आहे. यातल्या कुठल्याही कागदाने ट्रेड शिकवण्याची परवानगी मिळत नाही. मुद्दा 1 आणि 2 यांना उत्तरच नव्हतं. आम्ही त्याच ईमेलला उत्तर देऊन तेवढे दोनच मुद्दे पुन्हा विचारले.

एमआयएस कोड मिळाला की पडताळणी घरबसल्या होते. कोडमध्ये दोन इंग्रजी अक्षरं आणि त्यापुढे आठ आकडे असतात. पहिलं अक्षर G असेल तर संस्था सरकारी, P असेल तर खासगी. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. डीजीटीच्या पोर्टलवर हा कोड टाकून संस्थेचं नाव, पत्ता आणि ट्रेड ताडून पाहावेत. पत्ता नीट बघा. कधी मान्यता एका गावातल्या इमारतीची असते आणि वर्ग भलत्याच गावात भरतात. पोर्टलवरून उलगडा झाला नाही तर जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कोड घेऊन जावं. तिथेही दाद लागली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क 10 रुपये, पण उत्तराची मुदत 30 दिवसांची, त्यामुळे प्रवेशाच्या धामधुमीत तो मार्ग उशिराचा ठरतो.

अभ्यासक्रमाचा मुद्दा लोक सोडून देतात. मला तो संलग्नतेइतकाच बोलका वाटतो. अधिकृत अभ्यासक्रम bharatskills.gov.in वर मोफत मिळतो. 2022 च्या आराखड्यात इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला 1200 तास आहेत: प्रात्यक्षिक 840, सिद्धांत 240 आणि रोजगारक्षमता कौशल्यं 120. शिवाय 150 तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. आता संस्थेचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवा. फक्त शनिवार-रविवारी रोज चार तास वर्ग असतील तर 50 आठवड्यांत 400 तास होतात, म्हणजे नुसत्या प्रात्यक्षिकाच्या निम्मेही नाहीत. त्यात परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. ‘यायची गरज नाही, हजेरी आम्ही बघतो’ असं कुणी सांगितलं तर तो मुलगा मोटर वाइंडिंग न करताच बाहेर पडणार आणि उद्या जिवंत तारेला हात घालणार.

आमच्या दुसऱ्या ईमेलला नऊ दिवसांनी उत्तर आलं आणि या वेळी कोड होता. पोर्टलवर त्या कोडखाली एकच ट्रेड दिसत होता, फिटर. इलेक्ट्रिशियनबद्दल कळवलं होतं की, ‘मान्यता प्रस्तावित आहे’. तोवर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया सुरू होती. admission.dvet.gov.in वर अर्ज भरून भाच्याने शेजारच्या तालुक्यातल्या सरकारी आयटीआयचा पर्याय वर टाकला. दुसऱ्या फेरीत त्याचं नाव लागलं.