संयुगातील मूलद्रव्याचे वस्तुमानी शेकडा प्रमाण

संयुगाच्या १०० भाग वस्तुमानात एखाद्या मूलद्रव्याचे जितके भाग वस्तुमान असते, त्या संख्येला त्या मूलद्रव्याचे वस्तुमानी शेकडा प्रमाण म्हणतात. सूत्र माहीत असेल तर ते गणिताने काढता येते. सूत्रातील त्या मूलद्रव्याच्या अणूंची संख्या त्याच्या अणुवस्तुमानाने गुणायची, आलेल्या गुणाकाराला संयुगाच्या सूत्रवस्तुमानाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. सूत्र माहीत नसेल तर पदार्थाचे विश्लेषण करून ते तराजूवर मिळवावे लागते. इतिहासात हा दुसरा मार्ग आधीचा आहे, कारण सूत्रे या शेकडा प्रमाणांवरूनच ठरत गेली. शालेय पुस्तकांत क्रम उलटा असतो.

या नोंदीत मुख्य उदाहरण म्हणून मॅलॅकाइट हे तांब्याचे हिरवे खनिज घेतले आहे. त्याचे सूत्र Cu₂CO₃(OH)₂ असे आहे. प्रयोगशाळेत ‘कॉपर कार्बोनेट’ या नावाने मिळणारी हिरवी पूडही साधारणपणे याच क्षारकीय कार्बोनेटाची असते. सूत्रात तांब्याचे २, कार्बनचा १, ऑक्सिजनचे ५ (कार्बोनेटातील ३ आणि हायड्रॉक्साइडातील २) व हायड्रोजनचे २ अणू आहेत. त्यांची वस्तुमाने अनुक्रमे १२७.०९, १२.०१, ८०.०० आणि २.०२ येतात. सूत्रवस्तुमान सुमारे २२१.१ होते. त्यावरून तांबे ५७.४८, कार्बन ५.४३, ऑक्सिजन ३६.१८ आणि हायड्रोजन ०.९१ टक्के मिळतो. बेरीज १०० येते, आणि ही बेरीज करून पाहणे हीच गणिताची पहिली तपासणी. कंसाबाहेरचा २ फक्त हायड्रोजनला लावला आणि ऑक्सिजनला लावायचा राहिला, तरी प्रत्येक टक्केवारी वरवर पाहता पटण्याजोगीच दिसते. चुकीचे सूत्रवस्तुमान सगळीकडे सारखेच वापरले असेल तर बेरीजही शंभरच भरते. म्हणून आधी अणू मोजून घ्यावेत. मॅलॅकाइटाच्या सूत्रात ते एकूण १० आहेत. त्यांपैकी तांब्याचे २, म्हणजे संख्येने २० टक्के. वस्तुमानाने मात्र तांबे निम्म्याहून अधिक. या दोन टक्केवाऱ्यांची गल्लत वारंवार होते.

उगम व वाद : एखाद्या संयुगाला ‘त्याचे’ असे एकच शेकडा प्रमाण असते, हे गृहीत धरल्याशिवाय वरील गणिताला अर्थ नाही. हे गृहीतक, म्हणजे स्थिर प्रमाणाचा नियम, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झोझेफ लुई प्रूस्त यांच्या नावे आहे. नियमाचे वर्ष मात्र संदर्भग्रंथांत १७९४, १७९७ आणि १७९९ असे वेगवेगळे आढळते. १७९४ च्या सुमारास प्रूस्त यांनी लोखंडाच्या संयुगांवर लिहिताना लोखंड ऑक्सिजनशी ठरावीक पायऱ्यांनीच संयोग पावते असे मांडले होते. तांब्यावरील त्यांचा निबंध १७९९ चा आहे. त्यात विचार एका धातूपुरता न राहता सर्वसाधारण नियमाच्या रूपात येतो, म्हणून १७९९ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. संयुगांचे घटक शेकड्यात मांडण्याची रीत त्याआधीची आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील विश्लेषक घटकांचे प्रमाण स्थिर असल्याचे न बोलता धरूनच चालत होते. प्रूस्त यांनी ते उघडपणे मांडले आणि आव्हान मिळाल्यावर त्याचा बचाव केला.

प्रूस्त त्या काळात स्पेनमध्ये, आधी सेगोव्हिया व नंतर माद्रिद येथे काम करत होते. त्यांनी तांबे सल्फ्युरिक किंवा नायट्रिक अम्लात विरघळवले आणि सोडा वा पोटॅशच्या कार्बोनेटाने त्याचा हिरवा साका पाडला. आम्ल कोणतेही असो, कार्बोनेट कोणतेही असो, १०० भाग तांब्यापासून १८० भाग हिरवे कार्बोनेट मिळते, असे त्यांनी नोंदवले. निसर्गातील हिरवे कार्बोनेटही याच घडणीचे असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता.

आजच्या अणुवस्तुमानांनी पाहिले तर १०० भाग तांब्यापासून मॅलॅकाइट १८० नव्हे, सुमारे १७४ भाग मिळायला हवे. प्रूस्त यांच्या आकड्यावरून तांबे ५५.६ टक्के येते, प्रत्यक्षात ते ५७.५ टक्के असते. फरक मोठा आहे. ॲझुराइट हे तांब्याचे निळे कार्बोनेट, Cu₃(CO₃)₂(OH)₂, यात तांबे ५५.३ टक्के असते, म्हणजे प्रूस्त यांचा आकडा मॅलॅकाइटापेक्षा ॲझुराइटालाच जवळचा आहे. साक्यात राहिलेली ओल हे या फरकाचे संभाव्य कारण होय. यावरून एक गोष्ट कळते. नियमाचा खरा आधार आकड्याची अचूकता हा नव्हता. वेगवेगळ्या मार्गांनी केलेल्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा तोच आकडा येणे हा होता. एकाच शेकडा प्रमाणावरून पदार्थ ओळखू नये, हेही यातूनच दिसते.

नियमाला विरोध केला तो क्लोद लुई बेर्तोले यांनी. रासायनिक क्रियेची दिशा व परिणाम अभिक्रियाकारकांच्या राशींवरही अवलंबून असतो, हे त्यांनी ओळखले होते आणि ते बरोबर होते. त्यावरून संयुगाची घडणही राशींप्रमाणे सलग बदलत जावी, असा तर्क त्यांनी केला. हवेत तापवलेले धातू हळूहळू ऑक्सिजन घेत जातात आणि वाटेत त्यांचे रंग बदलतात, हा त्यांचा एक पुरावा होता. प्रूस्त यांचे उत्तर असे की, वाटेतले हे पदार्थ म्हणजे ठरावीक घडणीच्या दोन ऑक्साइडांची मिश्रणे होत. वाद काही वर्षे चालला आणि १८०८ च्या सुमारास प्रूस्त यांच्या बाजूने मिटला असे सामान्यतः मानतात. त्याच वर्षी जॉन डाल्टन यांच्या अणुसिद्धांताचा ग्रंथ निघाला. वाद मिटण्याचे श्रेय प्रूस्त यांच्या तराजूइतकेच अणुकल्पनेलाही द्यावे लागते, कारण प्रमाण स्थिर का असावे याचे कारण प्रूस्त यांच्याकडे नव्हते.

शेकड्यात झाकले जाणारे प्रमाण : तांब्याची दोन ऑक्साइडे आहेत. काळ्या CuO मध्ये तांबे ७९.८९ व ऑक्सिजन २०.११ टक्के, लाल Cu₂O मध्ये तांबे ८८.८२ व ऑक्सिजन ११.१८ टक्के. या चार आकड्यांत कोणताही साधा संबंध दिसत नाही. आता शंभर भाग संयुगाऐवजी शंभर भाग तांबे धरून ऑक्सिजन मोजावा. काळ्यात तो २५.१८ येतो, लालमध्ये १२.५९, म्हणजे बरोबर निम्मा. प्रूस्त यांच्याकडे अशा ऑक्साइडजोड्यांचे आकडे होते, तरी गुणित प्रमाणाचा नियम त्यांच्या हातून निसटला. संयुगाचे शंभर भाग धरून आकडे मांडण्याची सवय हे त्याचे एक कारण सांगितले जाते. त्यांच्या मापनातील त्रुटी हे दुसरे. दोन्ही कारणे खरी असावीत. पण आजच्या अचूक आकड्यांतही हा संबंध शेकड्यात लपतो, हे पाहता पहिल्याचे वजन अधिक वाटते.

शेकड्यावरून सूत्राकडे जातानाही हेच करायचे असते. मॅलॅकाइटाचे १०० ग्रॅम धरले की टक्केवारीचे आकडे ग्रॅम होतात. प्रत्येकाला त्याच्या अणुवस्तुमानाने भागले की तांबे ०.९०४, कार्बन ०.४५२, ऑक्सिजन २.२६ आणि हायड्रोजन ०.९०३ मोल मिळतात. सर्वांत लहान संख्येने, म्हणजे ०.४५२ ने, सगळ्यांना भागले की २ : १ : ५ : २ हे गुणोत्तर निघते. अडचण हायड्रोजनपाशी येते. त्याचे ०.९१ टक्के सोयीसाठी १ टक्का धरले तर गुणोत्तरातील २ च्या जागी २.२ येतो आणि सूत्र डळमळते. तांब्याच्या आकड्यात तेवढीच, म्हणजे ०.०९ टक्क्याची, चूक झाली तर काहीच बिघडत नाही. हलक्या मूलद्रव्याची टक्केवारी लहान असते, म्हणून ती अधिक काळजीने राखावी लागते. या रीतीने सर्वांत साधे सूत्रच मिळते. ॲसिटिलीन आणि बेंझीन यांची शेकडा प्रमाणे सारखीच असल्याने त्यांतला फरक रेणुवस्तुमानाशिवाय सांगता येत नाही.

प्रायोगिक निश्चिती : कोरडी हिरवी पूड मुशीत तापवली की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते व काळे कॉपर ऑक्साइड उरते. ५.०० ग्रॅम शुद्ध पुडीपासून सुमारे ३.६० ग्रॅम ऑक्साइड उरते. त्यात ७९.८९ टक्के तांबे, म्हणजे २.८८ ग्रॅम, पाच ग्रॅममागे हे ५७.५ टक्के होतात. ऑक्साइडातील तांबे गृहीत न धरता मोजायचे असेल तर तापलेल्या ऑक्साइडावरून हायड्रोजन सोडून उरलेला धातू तोलतात. हायड्रोजनचे हवेशी स्फोटक मिश्रण होते, म्हणून ही पायरी शिक्षकांनीच करावी.

मूस तापवणे, शुष्कपात्रात पूर्ण थंड करणे आणि तोलणे हे लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत करतात. गरम मुशीभोवती हवा वर चढते आणि वजन कमी भरते, म्हणून घाई चालत नाही. चूक कोणत्या बाजूची आहे यावरून तिचे कारण शोधता येते. पुडीच्या पोटात हिरवे कण राहिले तर अवशेष जड भरतो आणि तांबे खऱ्यापेक्षा जास्त येते. जोराने तापवल्यामुळे पूड उडाली तर ते कमी येते. मूळ पूडच ओली असेल तरीही ते कमी येते : ५ टक्के ओल असलेल्या नमुन्यात तांबे ५४.६ टक्केच भरेल. हीच वाट प्रूस्त यांच्या आकड्याकडे जाते.

मर्यादा : काही घन पदार्थांची घडण खरोखरच थोडी बदलती असते. वुस्टाइट या लोखंडाच्या ऑक्साइडाचे सूत्र FeO असे लिहितात व त्यावरून लोखंड ७७.७ टक्के येते. पण त्याच्या स्फटिकात लोखंडाच्या काही जागा रिकाम्या असतात. घडण Fe₀.₉₅O असेल तर लोखंड ७६.८ टक्के भरते. अशा संयुगांना रशियन रसायनशास्त्रज्ञ कुर्नाकोव्ह यांनी बेर्तोले यांच्या नावावरून ‘बेर्तोलाइडे’ हे नाव दिले.

व्यवहारातील आकडे वाचताना शेकडा कशाचा हे पाहावे लागते. युरियाच्या गोणीवरचे ४६ टक्के नायट्रोजनचेच असतात. शुद्ध CO(NH₂)₂ साठी गणिताने ४६.६ येतात. डीएपीच्या १८:४६ मधील १८ नायट्रोजनचे, पण ४६ फॉस्फरसचे नव्हेत. ते P₂O₅ या ऑक्साइडाच्या रूपात मोजलेले असतात, आणि त्या ऑक्साइडात फॉस्फरस ४३.६ टक्केच असतो. म्हणून डीएपीत मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस सुमारे २० टक्के धरावा.